नाव बदलल्यावर बँकेला द्यायचं पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

नाव कायदेशीर बदललं की बँकेत केवायसी अद्ययावत करावी लागते. त्यासाठी बँकेला द्यायचं पत्र आणि त्याला जोडायचे कागद, एवढाच आजचा विषय. पत्र एका पानाचं असतं. लिहायला दहा मिनिटंही लागत नाहीत. अडतं ते जोडपत्रांपाशी.

बँकेला तुमचं नवं नाव कळलं म्हणजे काम झालं, असं नसतं. जुन्या नावाची खातेदार आणि आज खिडकीसमोर उभी असलेली नव्या नावाची व्यक्ती एकच आहे, हे त्यांना कागदावर दिसावं लागतं. प्रत्येक जोडपत्राने या प्रश्नाचा एखादा तुकडा सोडवला पाहिजे. जो कागद काहीच सोडवत नाही, तो जोडून उपयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. माहेर बार्शीचं, लग्न होऊन सोलापुरात आलेली खातेदार. खातं बार्शीच्या शाखेत, माहेरच्या नावाने, सुनीता दत्तात्रय माने. सासरी आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं आणि ती झाली शर्वरी अमोल कदम. ही नावं निव्वळ नमुन्याची आहेत, पण प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो, आणि केवायसीत सगळ्यात जास्त अडकतो तो हाच.

अडकतो कारण बहुतेक जणी फक्त विवाह नोंदणी प्रमाणपत्र घेऊन जातात. महाराष्ट्रात विवाहनोंदणी 1998 च्या कायद्याखाली होते. प्रमाणपत्रावर वराचं नाव, वधूचं नाव, विवाहाची आणि नोंदणीची तारीख असते. वधूचं नाव तिथे माहेरचं असतं. आता पहिलं नाव सुनीताच राहिलं असतं, तर काम सोपं होतं. प्रमाणपत्रावर सुनीता आहे, नवऱ्याचं नाव अमोल कदम आहे, त्यामुळे सुनीता अमोल कदम हे नाव कुठून आलं हे अधिकाऱ्याला दिसतं. पण शर्वरी हे नाव त्या प्रमाणपत्रावर कुठेच नाही. सुनीता हीच शर्वरी, हे सांगणारा दुवा तुटलेला असतो. तो जोडतं राजपत्र.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत यासाठी स्पष्ट तरतूद आहे. ओळखीचा अधिकृत कागद, म्हणजे पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार यांपैकी काहीही, जुन्या नावाचा असला तरी तो ग्राह्य धरता येतो. अट एकच, सोबत राज्य शासनाने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदल दाखवणारी राजपत्रातली अधिसूचना हवी. या यादीत नोटरीचं प्रतिज्ञापत्र नाही. लग्नपत्रिकाही नाही. स्टँपपेपरवर लिहून, शिक्का मारून आणलं की नाव बदललं, ही समजूत अजून पक्की आहे. प्रतिज्ञापत्र राजपत्राच्या अर्जासोबत किंवा इतरत्र उपयोगी पडेल, बँकेत ते राजपत्राची जागा घेत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाच्या सूचना भाग दोनमध्ये येतात. अर्ज ऑनलाइन होतो आणि प्रसिद्ध झालेला अंकही शासनाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतो. छपाई करताना लोक फक्त आपलं नाव असलेलं पान छापतात. त्या पानावरून तो कोणत्या तारखेचा अंक हे नेहमीच कळतं असं नाही. म्हणून अंकाचं पहिलं पान आणि आपल्या नोंदीचं पान, अशी दोन्ही पानं काढा. एका पानावर कितीतरी नावं दाटीने छापलेली असतात. आपल्या नोंदीशेजारी समासात पेन्सिलीने एक बारीक खूण करा, म्हणजे अधिकाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

आता पॅन. वर सांगितलेली सवलत ओळखीच्या कागदाला आहे, पण पॅनवरचं नाव बँक आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून बघते. बँकेत शर्वरी आणि पॅनच्या नोंदीत सुनीता असेल, तर जुळणी होत नाही आणि अर्ज परत येतो. तेव्हा राजपत्र हातात आलं की आधी आधार, मग पॅन आणि मग बँक, हा क्रम सोयीचा. पॅनचा क्रमांक बदलत नाही, फक्त नाव बदलतं, आणि त्यासाठी नव्या पॅनचा नव्हे, दुरुस्तीचा अर्ज करायचा. आधारमध्ये नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. तिथे अक्षर चुकलं तर ते निस्तरण्यातच एक संधी जाते, म्हणून पावतीवरचं स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचा.

स्पेलिंगचं सांगायलाच हवं. शर्वरीत व्ही लिहायचा की डब्ल्यू? राजपत्रातली नोंद मराठीत असेल, तर इंग्रजी अक्षरं तुम्ही आधारला काय सांगाल त्यावर ठरतात. एकदा ठरलं की आधार, पॅन आणि बँक, तिन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच हवं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे एका कागदावर आडनाव पुढे आणि दुसऱ्यावर मागे, असं होतं. यावर उपाय म्हणजे पत्रात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन भाग वेगळे करून लिहायचे.

आता पत्र वाचतो. कागद-पेन जवळ असेल तर उतरवून घ्या.

प्रति, शाखा व्यवस्थापक, बँकेचं नाव, बार्शी शाखा.

विषय: कायदेशीर नावबदलानंतर केवायसी नोंद अद्ययावत करण्याबाबत. बचत खाते क्रमांक, आणि पुढे ग्राहक क्रमांक.

महोदय, माझे वरील खाते आपल्या शाखेत ‘सुनीता दत्तात्रय माने’ या नावाने आहे. विवाहानंतर मी माझे नाव बदलून ‘शर्वरी अमोल कदम’ असे केले आहे. पहिले नाव शर्वरी, मधले नाव अमोल, आडनाव कदम. हा बदल महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन, दिनांक अमुक, पृष्ठ अमुक यावर प्रसिद्ध झाला आहे. सुनीता दत्तात्रय माने व शर्वरी अमोल कदम ही एकच व्यक्ती असून ती मी आहे. माझ्या ग्राहक क्रमांकाखालील सर्व खाती, मुदत ठेवी व लॉकर यांवर नवे नाव नोंदवावे, केंद्रीय केवायसी नोंदीतही बदल कळवावा, तसेच नव्या नावाचे धनादेश पुस्तक व डेबिट कार्ड द्यावे. माझी सही बदलली असून नवीन नमुना सही सोबत जोडली आहे. कागदपत्रे मिळाल्याची तारखेसह पोच द्यावी, ही विनंती.

खाली दोन सह्या. एक जुनी, बँकेत नोंद असलेली. तिच्याखाली लिहा ‘पूर्वीची सही’. दुसरी नवी. ही दुहेरी सही पुष्कळांना सुचत नाही, आणि मग पत्रावरची सही जुळत नाही म्हणून तेच पत्र परत येतं.

सहीनंतर सोबतच्या कागदांची यादी, क्रमांक घालून. पहिलं, राजपत्राची दोन पानं. दुसरं, विवाह नोंदणी प्रमाणपत्र. आपल्या उदाहरणात नाव राजपत्राने सिद्ध होतं, पण मधल्या जागी वडिलांऐवजी नवऱ्याचं नाव का आलं, हे प्रमाणपत्र सांगतं. तिसरं, नव्या नावाचं आधार, पहिले आठ आकडे झाकलेलं. पत्रातही शेवटचे चारच आकडे लिहा. खात्यात सरकारी अनुदान येत असेल आणि त्यासाठी आधार जोडायचं असेल, तर ते बँक वेगळी संमती घेऊन करते. चौथं, नव्या नावाचं पॅन. पाचवं, जुन्या नावाचा एखादा फोटो असलेला ओळखीचा कागद. पुष्कळ जणी जुनी कार्डं टाकून देतात, पण जुनं नाव आणि चेहरा एकत्र दाखवणारा कागद बहुधा तेवढाच उरलेला असतो. सहावं, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. सातवं, बँकेचा भरलेला केवायसी फॉर्म आणि फोटो.

या फॉर्ममध्ये ‘नवीन’ आणि ‘अद्ययावत’ अशा दोन चौकटी असतात. खूण ‘अद्ययावत’वर करा. ‘नवीन’वर केलीत, तर दुसरा ग्राहक क्रमांक तयार होण्याचा धोका असतो, आणि मग एकाच माणसाची दोन खाती दोन नावांनी वागू लागतात. त्याच फॉर्ममध्ये विवाहापूर्वीच्या नावाचा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. ‘सुनीता दत्तात्रय माने’ तिथे पूर्ण लिहा. खिडकीवर कोणी ‘सोपं जाईल, नव्या नावाने दुसरं खातंच काढा’ असं सुचवलं, तर ऐकू नका. जुनं खातं जुन्या नावानेच पडून राहतं आणि त्यातल्या ठेवी, वारस नोंदी सगळं तसंच.

प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करा आणि मूळ कागद सोबत न्या. अधिकारी प्रत मूळ कागदाशी ताडून ‘मूळ पाहिले’ असा शेरा मारतो. मूळ कागद मात्र त्यांच्याकडे ठेवायचे नाहीत. बार्शीला जाणं जमत नसेल, तर केवायसी त्याच बँकेच्या सोलापुरातल्या शाखेतही अद्ययावत करता येते. सहीचा नमुना मूळ शाखेत पोचला का, तेवढं विचारून घ्या. आणि वेळ फार दवडू नका. दिलेल्या कागदांत बदल झाल्यावर 30 दिवसांत तो बँकेला कळवणं अपेक्षित आहे.

पत्राच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घ्या. बँकेने काहीच केलं नाही, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्यायची. तिच्यावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक 14448. तिथे पहिला प्रश्न येतो तो तक्रार कधी दिली याचा, आणि तारीख असते ती त्या शिक्क्यावरच.

पोच घेताना आणखी दोन गोष्टी विचारा. तुम्ही आधीच कुणाला जुन्या सहीचे पुढच्या तारखेचे धनादेश दिले असतील, तर नवी सही चढल्यावर ते परत जातील. अशा धनादेशांचे क्रमांक आणि रकमा लिहून द्या, किंवा ते परत मागवून नवे द्या. दुसरं, खात्यातून दर महिन्याला जाणारे हप्ते. विम्याचा, गॅस एजन्सीचा किंवा कर्जाचा हप्ता सहीच्या संमतीवर चालत असेल, तर त्या संस्थेला नाव आणि सही बदलल्याचं वेगळं कळवावं लागतं. बँक तुमच्या वतीने त्यांना सांगत नाही. बदल झाला की पासबुक छापून घ्या. पहिल्या पानावर शर्वरी बरोबर छापलं आहे का, ते खिडकी सोडण्यापूर्वी वाचा.

नमस्कार.