सात-आठ की साठ

(दृश्य : लॅपटॉपच्या पडद्यावर ध्वनीचा आलेख. कानांवर हेडफोन. टेबलाखाली पायाने दाबायचे पेडल.)

या चित्रफितीत जिच्याबद्दल बोलणे चालले आहे, ती मुलाखत आपल्याला दिसणार नाही. लालबागच्या एका चाळीतील खोलीत ती झाली तेव्हा तिथे कॅमेरा नव्हता, टेबलावर ठेवलेला एक छोटा रेकॉर्डर होता. बोलणारे होते कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेले एक निवृत्त कामगार. शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या आणि प्रश्न एक तरुण अभ्यासक विचारत होती. विषय होता १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतील गिरण्यांचा संप. आपण पाहत आहोत ते त्यानंतरचे काम, म्हणजे रेकॉर्डरमध्ये साठलेला आवाज कानाने ऐकून जसाच्या तसा कागदावर उतरवण्याचे, प्रतिलेखनाचे.

(दृश्य : पेडलवरचा पाय. पाय उचलला जातो, आलेखावरील रेघ थोडी मागे सरकते.)

पाय दाबला की आवाज सुरू होतो, उचलला की थांबतो आणि आपोआप दोन सेकंद मागे जातो. यामुळे हात कीबोर्डवरून हलत नाहीत आणि तुटलेल्या वाक्याचे टोक पुन्हा कानावर पडते. स्वच्छ आवाजाच्या, दोनच माणसांच्या एका तासाच्या मुलाखतीला अनुभवी व्यक्तीचेही साधारण चार ते सहा तास जातात. इथे तीन आवाज आहेत, डोक्यावर पंखा आहे आणि खाली रस्ता आहे, त्यामुळे हा अंदाज सहज दुप्पट होतो. मूळ ध्वनिफितीला हात लावायचा नाही, काम तिच्या प्रतीवर करायचे, हा पहिला नियम. प्रतीवर पंख्याची खालच्या पट्टीतली घरघर कापून टाकता येते आणि त्याने बोलण्याचे फारसे बिघडत नाही. मात्र ‘सगळा गोंगाट काढा’ अशा थाटाची जोरदार सफाई केली, तर गोंगाटाबरोबर ‘स’, ‘श’, ‘ठ’ यांचा घासलेला, फुटणारा भागही जातो. मग कानाला फार गुळगुळीत लागणारा आणि कळायला मूळापेक्षा कठीण असा आवाज हाती उरतो.

(दृश्य : आलेखाचा एक तुकडा मोठा होतो. प्रत्येक उंचवटा शेवटाकडे बारीक होत जातो.)

या चित्रात मराठी बोलण्याची एक अडचण उघड दिसते. वाक्य संपत आले की श्वास कमी पडतो आणि आवाज खाली येतो. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा याच जागी येते. कोणी केले, केले की नाही, करणारा एक होता की अनेक, हे सारे त्या शेवटच्या अक्षरांत असते. ‘गेलो’, ‘गेला’ आणि ‘गेले’ यांच्यात फरक आहे तो एका स्वराचा, आणि नेमका तोच तोंडातल्या तोंडात विरतो. पुटपुटलेला शब्द म्हटले की एखादे अवघड नाव डोळ्यांपुढे येते. पण नावे पुढे पुन्हा येतात, यादीत तपासता येतात. गिळलेले क्रियापद मात्र पुन्हा येत नाही. अशा वेळी वाक्याच्या शेपटाचा तेवढाच तुकडा निवडून त्याचा आवाज वाढवायचा आणि वेग थोडा, म्हणजे मूळच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत, उतरवायचा. त्याहून खाली गेले की व्यंजने पसरतात आणि ‘त’ कोणता, ‘ठ’ कोणता हे कळेनासे होते.

(दृश्य : पडद्यावर वेळ – २३:४१. दोन आलेख एकाखाली एक.)

आता मुलाखतीतील एका जागेकडे येऊ. अभ्यासक विचारते, की पहिल्या सकाळी गिरणीच्या गेटवर तुमच्या खात्यातले किती जण होते. काका उत्तर देऊ लागतात आणि त्यांचा आकडा तोंडातून बाहेर पडत असतानाच काकू पोलिसांची आठवण काढतात. दोन आवाज एकमेकांवर चढतात. रेकॉर्डरला दोन मायक्रोफोन होते, म्हणून आवाजाच्या दोन पट्ट्या आहेत. काका डावीकडे बसले होते, काकू उजवीकडे. उजवी पट्टी बंद करून फक्त डावी ऐकली की काकू दूर जातात, पुसल्या मात्र जात नाहीत, कारण खोली एकच आहे आणि दोन्ही मायक्रोफोन एकाच डबीत आहेत. ही मुलाखत एकाच पट्टीत मुद्रित झाली असती तर एवढाही आधार उरला नसता.

(दृश्य : प्रतिलेखनाचा पडदा, मजकूर टाइप होताना.)

पहिला खर्डा असा उतरतो :

२३:४१ अभ्यासक : तेव्हा गेटवर तुमच्या खात्यातले किती जण होते?
२३:४४ काका : तिथं [(सात-आठ / साठ)] जण आमचेच व्हते.
२३:४४ काकू : [पोलिस पन व्हते ना.]
२३:४८ काका : डॉक्टरांचा निरोप आलेला. मी आत गेलो नाय.
२३:५१ काकू : हां.

चौकटी कंस सांगतो की दोघे कुठे एकदम बोलू लागले आणि साधा कंस सांगतो की आतला मजकूर खात्रीने ऐकू आलेला नाही. संभाषणाच्या अभ्यासासाठी गेल जेफरसन यांनी जी लेखनपद्धत घडवली, तिच्यात या दोन्ही खुणा आहेत. काहीच कळले नाही तर कंस रिकामा ठेवायचा आणि लिहिणाऱ्याची स्वतःची टीप दुहेरी कंसात टाकायची. त्या पद्धतीत श्वास, सूर, विराम यांच्याही कितीतरी खुणा आहेत. मौखिक इतिहासाच्या कामाला त्या सगळ्या लागत नाहीत, या तीन मात्र लागतात.

‘व्हते’ आणि ‘पन’ तसेच ठेवले आहे, याकडे कृपया लक्ष द्यावे. शब्दांकन करणारा लेखक इथे ‘होते’ आणि ‘पण’ लिहील आणि त्याच्या कामात ते योग्यही असेल. प्रतिलेखनात मात्र ही दुरुस्ती एकदा सुरू झाली की ती उच्चारापाशी थांबत नाही. वाक्यरचना सरळ होते, मग अडखळणे जाते आणि शेवटी साचेखात्यातला माणूस वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखा बोलू लागतो.

‘डॉक्टर’ हा शब्दही तसाच राहिला आहे. संपाचे नेते दत्ता सामंत हे पेशाने डॉक्टर होते आणि कामगार त्यांना डॉक्टर म्हणूनच ओळखत. म्हणून मजकुरात नाव न घालता दुहेरी कंसात ‘बहुधा दत्ता सामंत’ एवढी टीप दिली आहे.

(दृश्य : ‘मी आत गेलो नाय’ हा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो.)

हे चार शब्द अस्पष्ट नाहीत. तरी पडदा इथे बराच वेळ थांबला, कारण हे वाक्य दोन प्रकारे ऐकता येते. ‘मी आत गेलो नाय’ म्हणजे गेलो नाही. पण ‘गेलो’ नंतर स्वल्पविराम कल्पून शेवटचा शब्द पत्नीकडे पाहून विचारलेला मानला, तर ‘मी आत गेलो, नाही का?’ असा उलटा अर्थ निघतो, आणि पाठोपाठ काकूंचे ‘हां’ आहेच. संपाच्या पहिल्या दिवशी एक कामगार आत गेला की बाहेर उभा राहिला, हे एका स्वल्पविरामावर ठरणार होते.

(दृश्य : आलेखावर ठिकठिकाणी रंगीत खुणा.)

अशा वेळी त्याच तुकड्यावर कान किती घासावेत, याला मर्यादा आहे. उपयोगी पडतो तो त्याच माणसाचा इतरत्र आलेला आवाज. काका दुजोरा मागतात त्या जागा शोधल्या, तर ते प्रत्येक वेळी ‘ना’ म्हणतात आणि त्याआधी क्षणभर थांबतात. नकारासाठी मात्र ते ‘नाय’ म्हणतात आणि तो क्रियापदाला जोडून, एका दमात येतो. काकूंचे ‘हां’ तर मुलाखतभर आहे, प्रश्न असो वा नसो. म्हणजे ते उत्तर नव्हे, ‘ऐकते आहे’ एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे वाक्य नकाराचे, आणि ते कंसाबाहेर, खात्रीने लिहिले गेले.

(दृश्य : दुसरी व्यक्ती खोलीत येते, हेडफोन लावते. पहिलीने पडदा वळवून ठेवला आहे.)

आकडा मात्र सुटला नाही. ‘सात-आठ’ भरभर म्हटले की दोन ‘आ’ जवळ येतात, आणि ‘साठ’ मधला ‘ठ’ शब्दाच्या शेवटी बऱ्याच तोंडी ‘ट’ सारखा होतो. वेगळे करण्यासाठी हातात दोनच गोष्टी असतात : ‘आ’ एक आहे की दोन, आणि मधला ‘त’ ऐकू येतो का. इथे त्याच जागी काकूंचा ‘पोलिस’ सुरू होतो आणि आलेखातील दोन उंचवट्यांमधली खाच, असलीच तर, त्याखाली बुजते.

दुसऱ्या श्रोत्याला पहिलीने काय लिहिले ते मुद्दाम दाखवलेले नाही. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने वाक्यातील एका शब्दातला एक ध्वनी कापून तिथे खोकला घातला होता. ऐकणाऱ्यांना तो शब्द पूर्ण ऐकू आला आणि खोकला नेमका कुठे होता हेही त्यांना सांगता आले नाही. कान गाळलेली जागा अपेक्षेने भरतो, आणि भरली आहे हे आपल्याला कळू देत नाही. कोणी आधी ‘साठ’ सुचवले असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी साठच ऐकू येते. दुसऱ्या श्रोत्याने कोऱ्या कागदावर ‘सात-आठ, पण सांगता येत नाही’ असे लिहिले. म्हणून कंस राहिला, आत दोन्ही पर्याय राहिले आणि अधिक संभवणारा आधी आला. कंस वगळून कोणी ‘साठ’ छापले, की तो आकडा पुढच्या लेखांत कंसाशिवायच फिरतो.

(दृश्य : चाळीतील खोली. काकांच्या हातात छापील पाने, काकू चष्मा पुसत आहेत.)

शेवटी मजकूर बोलणाऱ्याला वाचून दाखवला जातो. या वेळी कॅमेरा होता. काकांनी पान हातात घेतले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि ‘साठ, साठच व्हते’ असे सांगितले. काकू म्हणाल्या की एवढे कुठले, सात-आठ असतील. त्यावर दोघांचे बोलणे पुन्हा एकमेकांवर चढले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला चहा निवत राहिला.

(दृश्य : प्रतिलेखनाचे अंतिम पान.)

२३:४४ ची ओळ बदललेली नाही. कंसात आजही ‘सात-आठ / साठ’ असेच आहे, कारण त्या दिवशीच्या आवाजातून तेवढेच निघते. खाली तळटीप जोडली आहे : वाचनाच्या वेळी काकांनी साठ सांगितले, काकूंनी सात-आठ, आणि त्यापुढे वाचनाची तारीख. त्या दुसऱ्या बोलण्याचीही ध्वनिफीत आहे. तिचे प्रतिलेखन अजून व्हायचे आहे.