किलोमागे 2 ग्रॅम

[पावसातला खानापूर-बेळगाव रस्ता, एसटीच्या काचेतून]

पावसाळ्यात इकडं पोराला ताप आला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, डेंग्यूची टेस्ट करून घ्या. खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं हे तीन वर्षांचं पोर, नाव सांगू नका म्हणून घरच्यांनी सांगितलंय. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, अँटिबायोटिकचं सिरप तीन दिवस झालं, तरी ताप 103, 104. आज्जी म्हणतात, "औषध दिलं की तेवढ्यापुरता उतरायचा, परत हाय तसाच बघा."

[चेहऱ्याचा क्लोजअप, मग जीभ, मग तळहात]

हे शॉट नीट बघा, कारण कावासाकी नावाच्या या आजाराची पक्की अशी एकही रक्ततपासणी नाही, पोराला डोळ्यांनी बघूनच निदान करावं लागतं. दोन्ही डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत. ओठ फाटलेत, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार लाल झालीय. अंगावर पुरळ. तळहात सुजून लाल, खेळणं मुठीत धरवत नाही. मानेत गाठ आली असती तर पाचवं लक्षणही झालं असतं, ती याला नव्हती. पाच किंवा जास्त दिवस ताप आणि या पाचातली चार लक्षणं असली की डॉक्टर कावासाकी म्हणतात. घोळ असा की ही लक्षणं एका वेळी दिसतीलच असं नाही, पुरळ सोमवारी येऊन बुधवारी गेलेलं असतं आणि ओपीडीत दाखवायला काहीच उरत नाही, म्हणून आईनं मोबाईलवर काढलेले फोटो इथं फार कामाला आले.

तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी 1961 मध्ये असं पहिलं मूल पाहिलं आणि 1967 मध्ये 50 मुलांची नोंद छापली. आजार का होतो ते अजून कुणाला पक्कं माहीत नाही. होतं काय ते मात्र माहीत आहे, अंगातली प्रतिकारशक्ती बिथरते आणि मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, त्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्यांवर सगळ्यात जास्त.

[इकोचा स्क्रीन]

हा ताप सुरू झाल्याच्या सातव्या दिवशीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डावी कोरोनरी किंचित रुंद वाटतेय, फुगा म्हणावा एवढी नाही. आणि समजा इको एकदम स्वच्छ आला असता तरी या टप्प्यावर तो काहीच सिद्ध करत नाही, फुगे बरेचदा दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात दिसतात. म्हणून इकोवर अडून बसायचं नसतं. उपचार दहाव्या दिवसाच्या आत गाठायचा असतो आणि या पोराच्या हातात तीनच दिवस होते. उपचार नाही झाला तर साधारण चारातल्या एका मुलाच्या कोरोनरीत फुगा होतो, वेळेत झाला तर शंभरात चार-पाच जणांच्या.

[काउंटरवर पाच बाटल्या]

आता या बाटल्या, हाच तो उपचार. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेल्या अँटिबॉडीज. डोस वजनावर, किलोमागे 2 ग्रॅम, एकाच वेळी. म्हणून आधी पोराचं वजन नीट करायचं, मागच्या महिन्याच्या कार्डावरचं चालत नाही. वजन भरलं 12 किलो, म्हणजे 24 ग्रॅम. एका बाटलीत 5 ग्रॅम, 100 मिलीत. चार बाटल्या कमी पडतात, पाच घेतल्या तर 25 ग्रॅम होतात, तो जादा एक ग्रॅम फेकून न देता देऊन टाकतात. औषध महाग आहे आणि बाटल्या बहुतेकदा फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात, म्हणून जिथं पोर दाखल करायचंय तिथं स्टॉक आहे का हे गाडी काढायच्या आधी फोन करून विचारायला हवं, आमचं तर म्हणणं रेफरल चिठ्ठीवरच ते लिहून यावं.

[इन्फ्युजन पंप, आकडे बदलताना]

पंपावर सुरुवातीला 6 दिसतंय, तासाला 6 मिली. पहिला अर्धा तास असं हळूच, सिस्टर शेजारी उभ्या, पंधरा पंधरा मिनिटांनी बीपी, नाडी, टेम्परेचर. थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर लगेच थांबवायचं. काहीच नाही झालं तर 12, मग 24, मग 48, दर वेळी अर्धा तास बघून. सगळं मिळून साडेअकरा तास लागतात. लवकर संपवायची घाई केली तर एवढा द्रव अंगात एकदम जातो आणि सुजलेल्या हृदयाला तो झेपत नाही.

रात्री दहाला बाटल्या संपल्या. पहाटे चारला परत 101, घरचे घाबरले, एवढं महागाचं औषध फुकट गेलं म्हणाले. पण इन्फ्युजन संपल्यावर पहिल्या 36 तासांतला ताप धरत नाहीत. त्यानंतरही राहिला किंवा परत आला तर आजारानं औषधाला दाद दिली नाही असं धरतात, दहा-वीस टक्के मुलांचं तसं होतं, मग दुसरा डोस किंवा स्टेरॉईड. याचा ताप दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला आणि परत चढला नाही.

[मेडिकल दुकान]

आणि आता ॲस्पिरिन. दुकानदारानं चिठ्ठी बघून आधी विचारलं, "लहान मुलाला? डॉक्टरना फोन करून विचारा की." विचारलं ते बरोबरच होतं, कौतुकच आहे. फ्लू किंवा कांजिण्या असताना मुलाला ॲस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम होऊ शकतो, लिव्हर बिघडतं आणि मेंदूला सूज येते, 1980 नंतर म्हणून मुलांच्या तापाला ॲस्पिरिन बंद झालं. डेंग्यूत तर रक्तस्रावाची भीती. कावासाकी हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. फुगे कमी करायचं काम बाटल्या करतात, ॲस्पिरिन ते करत नाही. सुरुवातीला ते सूज आणि तापासाठी, या पोराला किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅमनं 480, चार भागांत 120-120, खाल्ल्यावर. काही ठिकाणी यापेक्षा बराच मोठा डोस देतात.

[पाटावर गोळी अर्धी करताना]

ताप 48 तास नाही म्हटल्यावर डोस एकदम खाली, किलोमागे 3 ते 5, दिवसातून एकदाच. म्हणजे 75 ची बिनकोटिंगची गोळी अर्धी. आता काम वेगळं, प्लेटलेट चिकटून गुठळी होऊ द्यायची नाही, कारण दुसऱ्या आठवड्यानंतर प्लेटलेट भराभर वाढतात, याच्या तर आठ लाखांवर गेल्या. याच दिवसांत बोटांच्या टोकाची साल निघते, हा शॉट त्याचाच. घरी दोन गोष्टी भिंतीवर लिहून लावल्यात. ताप आला तर आयबुप्रोफेन द्यायचं नाही, त्यानं ॲस्पिरिनचं काम अडतं, पॅरासिटामॉल चालतं. आणि शेजारी कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरना फोन, गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते तेच सांगणार, आपण आपल्या मनानं थांबवायची नाही. फ्लूची सुई मात्र देता येते.

[दुसरा इको, मग लसीकरण कार्ड]

इको परत दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. सहाव्या आठवड्यात कोरोनरी आणि प्लेटलेट दोन्ही जागेवर आल्या म्हणून ॲस्पिरिन थांबलं, फुगा असता तर ते पुढंही चालू राहिलं असतं. कार्डावर लाल पेनानं लिहिलंय ते असं, गोवर आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी 11 महिने पुढं ढकला, कारण बाटल्यांतल्या त्या परक्या अँटिबॉडीज लस लागूच देत नाहीत. गावातल्या आशाताईंना हे दाखवून ठेवलंय, त्यांच्या यादीत पोराचं नाव त्या तारखेला टाकलेलं आहे.