ठोका कुठे पडतो?

आता मी टेबलावर बोटाने ठोके देतो. अर्थाकडे नंतर बघू, आधी कान द्या.

ऑफ्ट श्यूल्ड शेविंग । शॅअधेना थ्रॅआतुम

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची ही चौथी ओळ. अर्थ साधारण असा, की श्यूल्ड राजाने कितीदा तरी शत्रूंच्या टोळ्यांकडून... पुढचं वाक्य पाचव्या ओळीत पुरं होतं. ओळीचे दोन अर्ध, मध्ये यती आणि प्रत्येक अर्धात दोन ठोके. श्यूल्ड, शे, शॅअ, थ्रॅआ. सुरुवातीचं ‘ऑफ्ट’ ठोक्याबाहेर आहे, तबल्याआधी श्वास घ्यावा तसं.

पहिले तीन ठोके ‘श’चे आहेत, चौथा मुद्दाम वेगळा. नियम तिसऱ्या ठोक्यापासून समजून घ्यायचा. तो ओळीचा खुंटा. पहिल्या अर्धातल्या एका तरी ठोक्याने, जमलं तर दोन्हींनी, त्याच्याशी आवाज जुळवायचा आणि चौथ्याने जुळवायचा नाही. चौथा फुटला की ओळ संपली, हे कानाला कळतं.

आपल्याला अनुप्रास म्हटलं की अलंकार आठवतो; काढून घेतला तरी वृत्त शाबूत राहतं, कारण आपलं वृत्त मात्रा किंवा अक्षरं मोजतं. इथे अनुप्रासच वृत्त आहे. अक्षरांची संख्या सैल असते. वरच्या ओळीचा पहिला अर्ध चार अक्षरांचा आहे, तर तिच्या आधीच्या ओळीचा सहा अक्षरांचा:

हू धा ॲधेलिंगास । एलेन फ्रेमेदोन

ठोके तरीही दोनच. ‘हू धा’ पटकन म्हणून टाकायचं, मग ‘ॲधे’वर जोर आणि ‘लिंग’वर जरा हलका. इथे ‘ॲ’ची जोडी ‘ए’शी लागते, कारण कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी जुळलेला धरतात. उलट ‘स्प’, ‘स्ट’, ‘श’ यांतला प्रत्येक फक्त स्वतःशीच जुळतो. नुसता ‘स’ चालत नाही.

नवशिके इथे चुकतात, कारण ते डोळ्याने मोजतात. काव्याच्या दुसऱ्या ओळीचा शेवट ‘येफ्रूनोन’ आहे, म्हणजे ‘ऐकलं’. त्यातलं ‘ये’ हे नुसतं पूर्वपद, त्यावर जोर नाही. चौथा ठोका ‘फ्रू’वर पडतो. त्या भाषेत जोर बहुधा शब्दाच्या मुळाच्या पहिल्या अक्षरावर येई, म्हणून जुळणारा आवाजही तिथेच शोधायचा. मराठीत बोलताना असा ठाम आघात नसतो, त्यामुळे आपल्याला सवय करावी लागते. माझी तर वर्षभर बोटं दुखली.

इसवी सन 1000च्या आसपासचं हस्तलिखित पाहिलंत, तर एक गंमत दिसेल. दोन लेखनिकांनी कविता गद्यासारखी सलग लिहिली आहे, ओळी तोडलेल्याच नाहीत. आज छापील पुस्तकात दिसणाऱ्या 3182 ओळी संपादकांनी पाडल्या, त्या हेच ठोके ऐकत.