एकच ऑर्डर, दोन दावेदार

मसाले ऑनलाइन विकणाऱ्या एका बाईंचा हिशोब सांगतो. त्या महिन्यात जाहिरातींवर मेटाला, म्हणजे फेसबुक-इन्स्टाला, १,२०,००० आणि गुगलला ६०,००० असा एकूण १,८०,००० रुपये खर्च झाला. मेटाचा डॅशबोर्ड म्हणतो आम्ही २६० ऑर्डरी आणल्या, गुगल म्हणतं आम्ही १९०, म्हणजे झाल्या ४५०, आणि त्यांच्या वेबसाइटच्या ऑर्डर लिस्टमध्ये मोजून ३००! बाई मला विचारतात, उरलेल्या दीडशे गेल्या कुठे? अहो, त्या नव्हत्याच कधी.

होतं काय, सोमवारी कुणीतरी इन्स्टावर रील बघून क्लिक करतं, घेत काहीच नाही, मग गुरुवारी भाजी करताना आठवतं, गुगलवर दुकानाचं नाव टाकतं, वरच्या जाहिरातीवर क्लिक करून गोडा मसाला मागवतं. मेटा साधारणपणे क्लिकनंतर ७ दिवसांतली खरेदी आपली धरतं, नुसती जाहिरात दिसली असेल तरी १ दिवसातली धरतं, आणि गुगलची मुदत सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवस. दोघं आपापल्या नियमाने खरंच बोलतात, फक्त एकमेकांचं त्यांना दिसत नाही.

म्हणून मी सगळा खर्च एका बाजूला, खऱ्या ऑर्डरी दुसऱ्या बाजूला ठेवतो. १,८०,००० भागिले ३००, म्हणजे ऑर्डरमागे ६०० रुपये, यालाच ब्लेंडेड कॉस्ट म्हणतात. मेटाच्या डॅशबोर्डवर हाच आकडा ४६२ होता आणि गुगलच्या ३१६, त्यामुळे बाई खुशीत होत्या. सरासरी ऑर्डर १,५०० ची, विक्री ४,५०,०००, ती जाहिरात खर्चाने भागली की २.५, हा झाला एमईआर. माल, पॅकिंग, कुरियर वजा जाता हातात ४५ टक्के, म्हणजे ६७५ राहतात, तर ऑर्डरमागे ७५ सुटले.

सुटले कुठले! ४० पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीची होती, ती दारातूनच परत आली. उरल्या २६०, ऑर्डरमागे खर्च झाला ६९२, म्हणजे १७ चा तोटा, परतीचं कुरियर वेगळंच. एमईआर २.१७ वर आला, आणि ४५ टक्क्यांत बरोबरीला यायलाच २.२२ लागतो. (परतीच्या ऑर्डरी प्लॅटफॉर्म आपणहून वजा करत नाहीत बरं, त्यांच्या लेखी विक्री झालेलीच असते.)

पण हा एकत्र आकडा कोणाची जाहिरात चालते ते सांगत नाही, नेहमीचे गिऱ्हाईक जाहिरातीशिवायही आलेच असते तेही यात मिसळलेत. मग आम्ही सणवार नसलेले दोन आठवडे निवडले, दुकानाच्या नावावरची गुगल जाहिरात बंद केली, बाकी काही हलवलं नाही. गुगलच्या दाव्यातल्या ऑर्डरी धाडकन पडल्या, आणि बाईंच्या लिस्टमधल्या जवळपास तेवढ्याच राहिल्या, कारण लोक खालच्या फुकटच्या लिंकवर क्लिक करून येत होते. बाईंच्या दुकानाच्या नावावर दुसरा कुणी दुकानदार जाहिरात लावत असता तर मी इतक्या बिनधास्त बंद करायला सांगितली नसती.