नखांना कॅल्शियम नको, कोरडा टॉवेल हवा

(फोंड्यातल्या एका महिला मंडळात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

साडेसहाला या हॉलमध्ये नाटकाची तालीम आहे असं अध्यक्षबाईंनी आत्ताच कानात सांगितलं. गोव्यात तालमीला उशीर केलेला कुणी खपवून घेत नाही, तेव्हा थेट नखांवरच येते.

माझ्या दवाखान्यात एक बाई यायच्या. खानावळ चालवतात. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, या तीन नखांची टोकं आडव्या पापुद्र्यांत सुटायची. साडीत अडकायची, सोलून ओढली की खाली ओलं मांस दिसायचं. कुणीतरी कॅल्शियम सुचवलेलं, म्हणून वर्षभर गोळ्या घेतल्या. गोळ्या संपल्या, पापुद्रे होतेच. हा माझा जुना राग आहे. नख कडक असतं ते केरॅटिन या प्रथिनामुळे. कॅल्शियम त्यात वजनाच्या एक टक्क्यापेक्षाही कितीतरी कमी. पण नख पांढरं, दूध पांढरं, कॅल्शियमही पांढरं! एवढ्यावर हा सगळा व्यवहार चालतो. (हसू.)

मी त्यांना चपला काढायला सांगितल्या. त्या बिचकल्या. ‘डॉक्टरबाई, दुखणं हाताचं आहे.’ पायांची नखं अगदी धड होती. मग मी विचारलं, अन्नातलं काही कमी पडत असेल, तर पायाच्या नखांना ते वशिल्यानं मिळतं का? पोटातून आलेलं रक्त दोन्हीकडे जातं. हाताचीच नखं फुटत असतील, त्यातही ज्या बोटांनी काम जास्त तीच फुटत असतील, तर कारण बहुतेक बाहेरचं. ही परीक्षा तुम्ही आज घरी जाऊन करू शकता, फुकट.

मग त्यांचा दिवस विचारला. सकाळी तिसऱ्या धुवायच्या, मासे साफ करायचे, हात पुसायचे. मसाला वाटायचा, हात धुवायचे. ताटं घासायची, पुसायचे. नखाला पाणी लागलं म्हणून ते बिघडत नाही. भिजणं आणि सुकणं यांच्या फेऱ्यांनी बिघडतं. नख म्हणजे चपट्या मृत पेशींचे एकावर एक थर, मधे चिकटवणारा पदार्थ. भिजलं की ते फुगतं, सुकलं की आक्रसतं. पावसाळ्यात प्लायवूडच्या दाराचं खालचं टोक सुटतं ना, तसे टोकाकडचे थर सुटतात, कारण टोक हाच नखाचा सगळ्यात जुना भाग. भांड्यांचा साबण वरचं तेल काढून नेतो, मग सुकणं आणखी जोरात.

हातमोजे सांगितले तर उत्तर तयार. ‘नुस्तें मोजे घालून साफ करता येतं काय? सुरी निसटेल, बोट जाईल.’ बरोबरच आहे. मग तडजोड केली. मासे मोकळ्या हातांनी, पण ओली कामं एकत्र, म्हणजे फेऱ्या कमी. भांड्यांना रबरी मोजे, आत सुती मोजे. कारण नुसत्या रबरात हात घामानं भिजतो आणि आपण पुन्हा तिथेच. प्रत्येक धुण्यानंतर नखांच्या टोकांखालीसुद्धा टॉवेल, मग खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. नखं आखूड ठेवायची. कानशीने घासताना एकाच दिशेने घासायचं, पुढेमागे करवतायचं नाही. पापुद्रा ओढून काढायचा नाही, नेलकटरने कापायचा.

फुटलेलं टोक पुन्हा जुळत नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सहा महिने. तिसऱ्या महिन्यात दोन बोटं सुधारली. अंगठा मात्र चतुर्थीच्या गर्दीत पुन्हा फुटला. मोदकांच्या दिवसांत मोजे कोण घालणार!

...हो, हो, दिसलं, पाचच मिनिटं. पोषणाचं राहिलं, आणि कार्यक्रमपत्रिकेत तेच छापलं आहे.

नखं चमच्यासारखी खोलगट झाली, दम लागतो, पाळी जास्त जाते, तर मात्र लोहाची तपासणी करा: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. हाता-पायांची सगळीच नखं बिघडली, वजन वाढलं, थंडी सोसत नाही, तर थायरॉईड. एकच नख जाड, पिवळं झालं तर बुरशी असू शकते. त्याला तेल लावत बसू नका. नेलपॉलिश लावा, पण काढायला ॲसिटोन वारंवार नको. फॉर्मलडिहाइडची ‘हार्डनर’ आधी नख कडक करतात आणि मग ठिसूळ.

बायोटिनच्या गोळ्यांबद्दल मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे. त्याचा नखांना उपयोग होतो असं सांगणारे अभ्यास छोटे आहेत. पण मोठ्या डोसमुळे थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. तुम्ही ती गोळी घेत असाल, तर रक्त देण्यापूर्वी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.