नोकरीच्या स्थळाची चौकशी

श्रोतेहो, नमस्कार. लग्नाचं स्थळ आलं की आपण चार ठिकाणी चौकशी करतो. नोकरीच्या बाबतीत मात्र पगाराचा आकडा ऐकला की अर्ज धाडून मोकळे होतो. ज्या टीममध्ये जायचं, तिथली माणसं किती वर्षं टिकली, कुठून आली, वर कशी चढली, हे बरंचसं लिंक्डइनवर उघड लिहिलेलं असतं. ते वाचायचं कसं, ते आज बघू.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका कंपनीतली डेटा ॲनालिस्टची जागा घेऊ. कंपनीच्या पानावर People नावाचा विभाग असतो. तिथे शहर आणि पदनाम टाकलं की यादी आटोपशीर होते. समजा, 11 जण सापडले. वहीत प्रत्येकाची एक ओळ करा: या कंपनीत किती महिने, त्याआधी कुठे आणि कोणत्या पदावर, आणि इथे आल्यावर पद कधी बदललं. एवढंच. शाळा-कॉलेजच्या तपशिलात सुरुवातीला शिरू नका.

समजा, महिन्यांचे आकडे असे आले: 5, 7, 8, 9, 11, 14, 16, 19, 38, 61 आणि 74. सरासरी काढलीत तर जवळजवळ 24 महिने, म्हणजे दोन वर्षं भरतात, आणि टीम स्थिर वाटते. पण ही सरासरी तिघा जुन्या खोडांनी वर ओढलेली आहे. ओळीतला मधला, म्हणजे सहावा आकडा बघा: 14 महिने. निम्म्याहून जास्त माणसं सव्वा वर्षाच्या आतली आहेत.

याचे दोन अर्थ निघतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. टीम नुकतीच वाढली असेल, किंवा माणसं टिकत नसतील. आत्ता असलेल्यांकडे कितीही निरखून पाहिलंत तरी यातलं खरं कोणतं हे कळणार नाही, कारण सोडून गेलेले त्या यादीत नसतातच. बहुतेकांची चूक इथेच होते. म्हणून दुसरा शोध घ्यायचा. माणसं शोधताना Past company या चाळणीत त्याच कंपनीचं नाव टाका, सोबत तेच पदनाम. सातआठ जण मिळाले आणि बहुतेक वर्ष-दीड वर्षात गेलेले दिसले, तर गळती आहे. एखाददुसराच मिळाला, तर टीम वाढते आहे असं मानायला हरकत नाही. गेलेले कोणत्या पदावर गेले, हेही टिपून ठेवा. वरच्या पदावर गेले असतील तर कारण बहुधा आत बढती मिळत नव्हती, हे असू शकतं.

आता बढती. 11 पैकी चौघांच्या नावापुढे ‘सीनियर’ आहे असं धरू. प्रत्येकाचा अनुभवाचा रकाना उघडा. एकाच कंपनीखाली दोन पदं एकाखाली एक दिसली, तर तो आत वाढला. एकच पद दिसलं, तर तो बहुधा बाहेरूनच सीनियर म्हणून आला. चौघांपैकी तिघे बाहेरचे निघाले, तर कंपनी वरच्या जागा बाहेरून भरते, हा अंदाज करता येतो. आत वाढलेल्यांच्या बढतीचा महिनाही पाहा. वेगवेगळ्या वर्षांत पण एकाच महिन्यात, समजा एप्रिलमध्ये, पदं बदललेली दिसली तर वार्षिक मूल्यमापनाचं चक्र तेव्हा फिरतं. त्याच्या तोंडावर रुजू होणाऱ्याला त्या वर्षी काही मिळणं कठीण. मात्र 19 महिने झालेल्याला बढती नाही म्हणून कंपनीला नावं ठेवू नका. जुन्यांना 30-36 महिने लागले असतील, तर त्याची वेळच आलेली नाही.

प्रोफाइल फसवतातही. लार्सन अँड टुब्रो इन्फोटेक आणि माइंडट्री यांचं विलीनीकरण नोव्हेंबर 2022 मध्ये झालं आणि एलटीआयमाइंडट्री हे नाव आलं. कुणी नव्या नावाची वेगळी नोंद केली असेल, तर दहा वर्षांचा माणूसही 2022 चा नवखा दिसेल. म्हणून कुणाची नोंद एखाद्या विलीनीकरणाच्या महिन्यापासूनच सुरू होत असेल, तर खालची आधीची नोंद वाचल्याशिवाय आकडा लिहू नका. तसंच काही जण दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर असतात, पण काम जिथे करतात त्या कंपनीचं नाव लावतात. वर्णनात ‘क्लायंट’ किंवा ‘कॉन्ट्रॅक्ट’ असे शब्द दिसले, तर ती ओळ बाजूला काढा, कारण त्यांच्या बढतीचे नियम वेगळे असतात. आणि सोडून गेलेले कित्येक जण महिनोन्‌महिने प्रोफाइल बदलतच नाहीत, तेही आकड्यांत मिसळतात.

एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही कुणाचं प्रोफाइल उघडलंत, तर त्याला तुमचं नाव दिसू शकतं. नको असेल तर सेटिंगमध्ये Private mode निवडा. मोफत खात्यावर मग तुमचं प्रोफाइल कोण बघतं, हे तुम्हालाही दिसत नाही.

मुलाखतीत ‘तुमच्या अमुक सहकाऱ्याला तीन वर्षं लागली’ असं बोलू नका, समोरचा बिचकतो. त्याऐवजी विचारा: ‘या पदावरून शेवटची बढती कुणाला तरी मिळाली, ती किती काळानं?’ उत्तर तुमच्या वहीशी जुळतं का, ते घरी येऊन पाहा.