पन्नास टक्के, पण कुठल्या बाजूने आलेले?

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्यासमोर टेबलावर बॅटरीचे दोन सेल होते, तिथूनच सुरुवात करतो. दोन्ही लोह-फॉस्फेटचे, म्हणजे ज्यांना सगळे एलएफपी म्हणतात ते. एकाच खोक्यातून निघालेले. आधी दोन्ही पूर्ण भरून, पूर्ण रिकामे करून त्यांची क्षमता मोजून घेतली होती. ती प्रत्येकाची १०२ अँपिअर-अवर भरली. आम्हाला दोन्ही सेल नेमके अर्ध्यावर आणून ठेवायचे होते, म्हणजे प्रत्येकात ५१ अँपिअर-अवर. एक सेल पूर्ण भरलेला होता, म्हणून माझ्या सहकारी मुलीने त्यातून ५ अँपिअरने सावकाश ५१ काढले. दुसरा रिकामा होता, त्यात तिने ५१ भरले. मग दोन्ही सेल २५ अंशांवर स्थिर ठेवलेल्या कपाटात ठेवले. तारा काढल्या आणि एक दिवस हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मीटर घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "सर, जुळत नाहीत."

जो वरून खाली आणला होता तो ३.२८९ व्होल्ट दाखवत होता. जो खालून वर आणला होता तो ३.३०५. सोळा मिलिव्होल्टचा फरक.

मी म्हणालो, मीटर तपास. तिने मीटर बदलला. फरक तोच. मी म्हणालो, टोकांवर संपर्क नीट नसेल, पुसून घे. तिने टोकं पुसली. फरक तोच. मग तिने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. तिने दोन्ही सेलची ऋण टोकं एका तारेने जोडली आणि मीटरच्या दोन पिना दोन सेलच्या धन टोकांवर ठेवल्या. आता मीटरला तीन व्होल्ट मोजायचेच नव्हते, फक्त फरक मोजायचा होता. मीटरने दाखवलं, सोळा मिलिव्होल्ट. मीटरवरचा संशय तिथे संपला.

मग मी दुसरा मुद्दा काढला. सेल अजून विसावले नसतील. करंट बंद केल्यावर व्होल्टेज लगेच जागेवर येत नाही, हळूहळू सरकत राहतं, हे खरंच आहे. म्हणून आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी फरक चौदा मिलिव्होल्टवर आला. मला वाटलं, उतरतोय, शून्यावर जाईल. सातव्या दिवशी पुन्हा मोजलं. चौदा. पहिले दोन मिलिव्होल्ट विसाव्याचे होते, ते गेले. उरलेले चौदा हलायला तयार नव्हते.

आता माझ्याकडे एकच शंका उरली होती आणि ती मी बोलून दाखवली. मोजून भरण्यात चूक झालीय. एकात ५१ नाहीत. तिने वाद घातला नाही. दोन्ही सेल मशीनवर लावले आणि २.५ व्होल्टपर्यंत पूर्ण रिकामे केले. दहा तास लागले. पहिल्यातून निघाले ५०.९ अँपिअर-अवर. दुसऱ्यातून ५१.०.

श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो. दोन सेल. दोघांत तेवढाच चार्ज. आठवडाभर विसावा. तरी दोन वेगळी व्होल्टेज. मीटर बरोबर होता, मोजणी बरोबर होती, चुकीचं होतं ते माझं गृहीतक. मी धरून चाललो होतो की चार्ज सांगितला की व्होल्टेज ठरलं. इथे चार्जबरोबर एक आणखी गोष्ट सांगावी लागते. सेल तिथे कुठून आला? भरत आला की रिकामा होत आला? भरत आलेला वर, रिकामा होत आलेला खाली. याला हिस्टेरिसिस म्हणतात.

जाता जाता सांगतो, त्या मुलीच्या वहीत प्रत्येक आकड्याशेजारी एक छोटा बाण होता, वर जाणारा किंवा खाली येणारा. तो बाण नसता तर आम्ही महिनाभर चाचपडलो असतो. प्रयोगाची वही शाईने लिहावी, खाडाखोड तशीच ठेवावी आणि नुसता आकडा कधी लिहू नये, हे माझं ठाम मत आहे. संगणकावरच्या तक्त्यात बाणाला रकानाच नसतो, म्हणून तो कुणी लिहीत नाही.

आता हे होतं कशामुळे? दोन सारखे फुगे डोळ्यांसमोर आणा. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एकदा तो थोडा मोठा झाला की पुढे सोपं जातं. म्हणजे दाब आधी चढतो, मग उतरतो. आता दोन्ही फुगे एका नळीला जोडून फुंकत राहिलात तर दोन्ही सारखे फुगत नाहीत. त्या चढणीवरून आधी एक फुगा पलीकडे जातो आणि मोठा होतो, दुसरा लहानच राहतो. एलएफपीच्या धन बाजूला असे कोट्यवधी कण असतात आणि प्रत्येक कण त्या फुग्यासारखा वागतो. लिथियम अर्धं भरलेला कण अस्थिर असतो, तो एक तर जवळपास भरलेला राहतो, नाहीतर जवळपास रिकामा. म्हणून सेल सावकाश चार्ज करताना कण एकामागून एक पालटत जातात आणि प्रत्येकाला चढणीवरून ढकलावं लागतं. व्होल्टेज त्या चढणीच्या उंचीवर राहतं. उलट येताना चढण दुसऱ्या बाजूने लागते, म्हणून व्होल्टेज खाली राहतं. करंट कितीही कमी केला तरी चढण जात नाही. २०१० साली 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात हा खुलासा आला, आणि त्यातही जोडलेल्या फुग्यांचंच उदाहरण होतं.

चौदा मिलिव्होल्ट म्हणजे किती, असं कुणी विचारेल. दुसऱ्या कुठल्या सेलमध्ये ते दुर्लक्ष करण्याइतके असतात. पण एलएफपीचं व्होल्टेज मधल्या भागात पठारासारखं सपाट असतं. आमच्याकडे रिकामं होताना केलेला तक्ता होता. त्यात ३.३०३ पाहिलं तर सेल साठ टक्क्यांच्या आसपास भरलाय असं दिसत होतं. सेल होता पन्नासवर. दहा टक्के चूक, निव्वळ चुकीच्या बाजूचा तक्ता वापरल्यामुळे. म्हणून एलएफपीच्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला, मधल्या भागात व्होल्टेजवर विसंबता येत नाही. ती आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत राहते, त्यातली बारीक चूक साठत जाते, आणि ती पुसायची संधी फक्त टोकाला मिळते, जिथे व्होल्टेज उभं चढतं. एलएफपी बॅटरी अधूनमधून शंभर टक्के भरा असं सांगतात ते याचसाठी. ऐंशीला थांबायची सवय दुसऱ्या रसायनाच्या सेलवरून आली आहे, ती इथे तशीच लावू नये. आणि पडद्यावर ५३ टक्के असा आकडा दाखवण्यापेक्षा तिथे एक पट्टा दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. ज्याला पन्नास की साठ हे नक्की सांगता येत नाही, त्याने त्रेपन्न म्हणू नये.

आता सिलिकॉन-ग्रॅफाइट, म्हणजे ज्यांच्या ऋण बाजूला ग्रॅफाइटमध्ये थोडं सिलिकॉन मिसळलेलं असतं ते सेल. इथे हिस्टेरिसिस ऋण बाजूला आहे आणि त्याचं कारण वेगळं आहे. सिलिकॉनचा कण लिथियम घेतो तेव्हा फुगून जवळपास चौपट होतो. भरताना तो आजूबाजूला दाबला जातो, रिकामा होताना ताणला जातो, आणि दाबलेल्या किंवा ताणलेल्या घन पदार्थाचं व्होल्टेज बदलतं. नुसत्या सिलिकॉनमध्ये भरण्याच्या आणि रिकामं होण्याच्या वाटेत दोन-तीन दशांश व्होल्टचं अंतर असतं. एलएफपीच्या चौदा मिलिव्होल्टशी तुलना करून पाहा.

सिलिकॉन किती घातलंय यावरून फसू नका. वजनाच्या पाच टक्के शुद्ध सिलिकॉन असलं तरी ऋण बाजूच्या चार्जपैकी साधारण एक तृतीयांश तेच धरतं, कारण ग्रॅमामागे ते ग्रॅफाइटच्या नऊ-दहा पट लिथियम सामावून घेतं.

आणि हे अंतर कुठे दिसतं? सेल रिकामा होताना ग्रॅफाइट आपलं लिथियम आधी देतं आणि सिलिकॉन शेवटी. म्हणजे शेवटच्या भागात सगळा भार सिलिकॉनवर. म्हणून एलएफपीमध्ये घोळ पठाराच्या मधोमध होतो, तर सिलिकॉन-ग्रॅफाइटमध्ये तो खालच्या टोकाला होतो. एलएफपीत मध्ये, सिलिकॉनमध्ये खाली. आणि खालचं टोक म्हणजे नेमकी तीच जागा, जिथे अजून किती जाता येईल हे माणसाला कळायला हवं असतं.

शेवटी पुन्हा त्या दोन सेलकडे. पुढच्या आठवड्यात तिने आणखी एक प्रयोग केला. वरून येणारा सेल ५१ च्याही खाली, ४१ पर्यंत आणला आणि मग १० परत भरले. पुन्हा ५१. विसावल्यावर मोजला तर ३.३०१, म्हणजे जवळजवळ वरच्या वाटेवर. मग तेच ४९ पर्यंत नेऊन फक्त दोन भरून केलं. तेव्हा ३.२९५. सेल एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर उडी मारत नाही, दिशा बदलल्यावर काही अँपिअर-अवर गेले की हळूहळू पोचतो. एवढ्या-तेवढ्यावर मागे-पुढे होत राहणाऱ्या सेलचं व्होल्टेज म्हणूनच दोन टोकांच्या मध्ये कुठेही असू शकतं. तिच्या वहीत त्या दिवशी बाणाशेजारी आणखी एक आकडा आला, दिशा बदलल्यापासून किती अँपिअर-अवर झाले तो.

नमस्कार.